गुरुवारचं शून्य

स्टुटगार्ट, रविवार रात्र

तीर्थरूप अण्णांना शि. सा. नमस्कार,

तुम्ही पाठवलेला फोटो सकाळी पाहिला. "आठवड्याची सरासरी ११९/७२! गोळी अर्धी करू का?" असं त्याखाली लिहिलंय. अण्णा, गोळी अर्धी करू नका. ते ११९ खोटं आहे, आणि चूक निम्मी माझी आहे.

दिवाळीत मी तुमच्याच मेलच्या खात्यात बीपीची ती शीट करून आलो. दर रविवारी सकाळी ती सरासरी काढते आणि तुमच्याच पत्त्यावर मेल टाकते. पाठवणारेही तुम्ही आणि घेणारेही तुम्ही. आई त्याला "स्वतःच स्वतःला पत्र" म्हणून हसली होती, आठवतं? इतके आठवडे सगळं नीट चाललं, कारण एकही दिवस चुकला नव्हता. या आठवड्यात गुरुवारी तुम्ही पहाटेच्या एसटीनं अक्कलकोटला गेलात, बीपी मोजलं नाही आणि रकान्यात प्रामाणिकपणे शून्य लिहिलंत.

सकाळचे वरचे आकडे रविवारपासून असे आहेत: १४२, १३८, १४०, १३६, ०, १४०, १३८. बेरीज ८३४. शीटनं तिला सातानं भागलं, म्हणून ११९ आलं. मोजलेले दिवस मात्र सहाच आहेत. सहानं भागा, १३९ येतं. खालच्याची बेरीज ५०४, तीही सातानं भागून ७२ झाली. खरी ८४ आहे. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ किंवा वर गेली, म्हणजे दोन्हीपैकी एक आकडा जरी तिथे पोचला, तरी डॉक्टर ते जास्त धरतात. म्हणजे एका शून्यानं तुम्हाला रेषेच्या वरून उचलून खाली आणून ठेवलं. गंमत अशी की रकाना रिकामा सोडला असतात तर शीटनं तो दिवस आपोआप वगळला असता. रिकामं म्हणजे "मोजलं नाही", शून्य म्हणजे "मोजलं, शून्य आलं", असंच तिला कळतं.

एकाच रकान्यात 138/84 असं लिहिलं तर उलटं होतं. ती त्याला मजकूर समजते आणि काही न बोलता तो दिवस सोडून देते. म्हणून वरचा B मध्ये, खालचा C मध्येच लिहा.

मी आता सूत्र बदललंय. चिंटूला दाखवा, त्याला पटकन कळेल:

```
=AVERAGEIF(B2:B8,">0")
=COUNTIF(B2:B8,">0")
```

C साठीही तसंच आहे. पहिली ओळ शून्य वगळून सरासरी काढते, दुसरी किती दिवस मोजलं ते सांगते. हा दुसरा आकडा मी मुद्दाम मेलच्या विषयातच टाकलाय. पुढच्या रविवारपासून "BP 139/84 (6/7)" असं दिसेल. कंसातलं आधी वाचायचं. तिथे तीनपेक्षा कमी दिवस दिसले तर त्या आठवड्याच्या सरासरीवर भरवसा ठेवू नका.

आता एक तक्रार. आई फोनवर म्हणाली, तुम्ही तीन-चारदा मोजता आणि सगळ्यात कमी आलेलं लिहिता. सूत्र कितीही चांगलं असलं तरी त्यावर त्याच्याकडे इलाज नाही! ठरल्याप्रमाणे दोनदाच मोजायचं, मध्ये एक मिनिट थांबायचं आणि दोन्हींची सरासरी लिहायची, आवडो न आवडो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि चहाच्या आधी मोजा. सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून आल्या आल्या पट्टा बांधू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या. मग पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि तेवढ्या वेळात आईला "भाकरी झाली का" विचारू नका, बोलल्यानंही आकडा चढतो.

डॉक्टरांकडे जाताना फक्त मेल दाखवू नका, सगळी शीट दाखवा. एक दिवस १६० आणि दुसऱ्या दिवशी ११८ आलं तरी सरासरी १३९ च येते, तो चढउतार मेलमध्ये दिसत नाही. आणि कधी १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा हातपाय लुळे वाटणं असलं तर परत मोजत बसू नका, सरळ दवाखान्यात जा. रविवारच्या मेलची वाट बघायची नाही.

गुरुवारचं शून्य मी इथून खोडलंय. ते मेलही मी परत पाठवलंय, १३९/८४ असं. बघून घ्या आणि गोळीचं डॉक्टरांनाच विचारा.

आईला सांगा, शेंगा चटणी संपली. या खेपेला मीठ कमी घालून दोन डबे पाठवा, एक तुमच्यासाठी ठेवा.

तुमचा,
बाळू