टक्केवारीने वाढ की सरसकट गुण?

'गणिताच्या फेरतपासणीत सर्वांना दहा टक्के वाढ' ही आपल्या दैनिकातील बातमी वाचली. एका कनिष्ठ महाविद्यालयाने चाचणीचा पेपर अवघड गेला म्हणून प्रत्येकाचे गुण दहा टक्क्यांनी वाढवले. हेतू चांगला आहे, पण ही मदत चुकीच्या टोकाला पोहोचते.

वर्गाची सरासरी शंभरपैकी ५० धरू. दहा टक्के वाढवा किंवा सरसकट ५ गुण द्या, सरासरी दोन्हीकडे ५५च होते. त्यामुळे दोन्ही उपाय सारखेच वाटतात. प्रत्यक्षात ३० गुणांच्या मुलाला टक्केवारीने तीनच गुण मिळतात आणि तो ३३ वर नापास राहतो. ९० वाल्या मुलीला मात्र नऊ मिळून तिचे ९९ होतात. दोघांतले अंतर ६० होते, ते ६६ झाले. सरसकट ५ दिले असते, तर पहिला ३५ वर उत्तीर्ण झाला असता, दुसरी ९५ वर गेली असती आणि अंतर तेवढेच राहिले असते.

शिवाय शंभराची मर्यादा आहेच. टक्केवारीच्या वाढीत ९१ आणि ९८, दोघेही शंभरावर येतात. म्हणजे वरच्या मुलांची क्रमवारीही पुसली जाते.

दहा गुणांचा प्रश्नच रद्द झाला असता, तर ९० पैकी मिळालेले गुण शंभरात रूपांतरित करणे रास्त ठरले असते. इथे तसे काही झालेले नाही. महाविद्यालयाने निकालपत्रे वाटण्याआधी हा हिशेब पुन्हा मांडावा.

– एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा