ताटे स्टीलची होती, पण उष्ट्याचे काय झाले?

महोदय,

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ‘शून्य कचरा’ विवाहाची बातमी छायाचित्रासह वाचली. स्टीलच्या ताटांची रास, हिरव्या आणि निळ्या डब्यांची जोडी आणि ‘उरलेल्या अन्नाचे खत करण्यात आले’ हे एकच वाक्य एवढाच तिचा ऐवज होता. त्या लग्नघराने मनापासून प्रयत्न केले असतील याबद्दल मला शंका नाही. परंतु विवाह सोमवारी झाला आणि बातमी बुधवारी आली. दोन दिवसांत कोणत्याही अन्नाचे खत होत नाही. फार तर त्याचा ढीग घातला जातो, आणि त्या ढिगाचे पुढे काय होते यावर सगळ्या कष्टांचे फळ अवलंबून असते. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. गेल्या फेब्रुवारीत माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही हेच करायला गेलो होतो आणि त्यातून झालेला मनस्ताप अजून विसरलेलो नाही.

आमच्याकडे 640 पाने झाली. स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले भाड्याने आणले होते. ताटे 350 घेतली, कारण दोन फेऱ्यांत सर्वांचे जेवण आटोपेल असा आमचा हिशेब होता. तो चुकला. बुफेमध्ये पंगतीसारख्या फेऱ्या नसतात. अक्षता पडल्या की बहुतेक मंडळी एकदमच ताटाकडे वळतात. माणूस पंचवीस-तीस मिनिटे जेवतो, मग ताट परत येते, खरकटे काढले जाते, घासणे, विसळणे, पुसणे होते. म्हणजे एक ताट दुसऱ्या पाहुण्याच्या हाती जायला साधारण तास लागतो. म्हणून ताटांची संख्या एकूण पाहुण्यांवरून नव्हे, तर पहिल्या गर्दीच्या तासात किती जण जेवतील यावरून ठरवावी लागते. आमच्याकडे त्या तासात चारशेच्या वर माणसे आली. ताटे संपली आणि आम्हाला न विचारता आचाऱ्याच्या माणसांनी चंदेरी मुलाम्याच्या कागदी पत्रावळींचा गठ्ठा फोडला. त्यांना तरी काय दोष द्यावा? समोर भुकेली माणसे रिकाम्या हातांनी उभी होती. आणखी शंभर ताटांचे भाडे आम्ही वाचवले नसते, तर ती वेळ आली नसती.

तथापि ही चूक तिथल्या तिथे दिसली आणि तिथेच संपली. खरा प्रश्न उष्ट्याचा होता.

ताटे परत घेण्याच्या टेबलाशी आम्ही दोन पुतणे उभे केले होते. ताट हातात घ्यायचे, खरकटे स्वतः पिंपात झटकायचे, कागदी रुमाल वेगळा टाकायचा आणि बाकी काही आढळले तर तिसऱ्या टोपलीत टाकायचे, एवढेच त्यांचे काम. पाहुण्यांनी स्वतः वर्गीकरण करावे ही अपेक्षा आम्ही ठेवलीच नव्हती, कारण माणूस हातात ताट आणि कडेवर मूल घेऊन डब्यावरची पाटी वाचत नाही. एवढे करूनही शेवटी पिंपातून आइस्क्रीमचे बावीस चमचे निघाले. प्लास्टिकच्या या चमच्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी ते आइस्क्रीमच्या खोक्यांबरोबर आले होते. आइस्क्रीमचे कागदी कप तर अनेकांनी उष्ट्यातच टाकले होते. त्या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. कागद कुजतो आणि तो थर खतात पापुद्र्यासारखा राहतो. पुतणे जेवायला गेले त्या वीस मिनिटांतला बहुतेक हा सारा माल होता.

शेवटी पिंपातले उष्टे वजन करून पाहिले, ते 46 किलो भरले. पातेल्यांत उरलेले, कुणाचा हात न लागलेले अन्न त्याआधीच गरम असताना बाहेर पाठवले होते, ते यात धरलेले नाही. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी बोलणी करतानाच सांगितले होते, “काका, खताचा खड्डा आपल्याकडे आहे, तुम्ही त्याची काळजी करू नका.” आम्ही काळजी केली नाही, हाच आमचा मोठा अपराध. तो खड्डा लग्नाआधी एकदा उघडून पाहण्याची बुद्धी आमच्यापैकी कुणालाही झाली नाही. तो चारी बाजूंनी आणि तळाला सिमेंट केलेला हौद होता. हवेला भोके नव्हती, पाणी निचरायला वाट नव्हती आणि आधीच्या कार्यांचे उष्टे त्यात अर्ध्याहून अधिक भरलेले होते. संध्याकाळी कामगारांनी आमचे 46 किलो त्यावर ओतले आणि वर लोखंडी झाकण सरकवले. आम्ही मात्र घरी येऊन सर्वांना अभिमानाने सांगितले की आपल्या लग्नात कचरा झाला नाही.

तिसऱ्या दिवशी कार्यालयामागच्या चाळीतील एका बाईंचा फोन आला. “तुमच्या लग्नाचं जेवण आमच्या दारात सडतंय, लेकरांना उलट्या व्हायला लागल्यात,” असे त्या म्हणाल्या. मी जाऊन झाकण सरकवले तेव्हा आंबूस आणि कुजक्या अंड्यांसारखा वास एकदम अंगावर आला. वर करड्या पाण्याचा थर होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. ज्यांना आम्ही लग्नाला बोलावलेही नव्हते, त्यांच्या दारात आमचा कचरा गेला होता. त्या बाईंसमोर मला मान वर करता आली नाही.

असे का होते, हे बातमी देणाऱ्यांनी आणि खड्डा आहे असे सांगणाऱ्यांनी समजून घ्यावे. शिजवलेल्या अन्नाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. मसालेभात, कुर्मा, मठ्ठा आणि जिलेबीचा पाक एकत्र झाले की त्याचा चिकट लगदा होतो. त्यात हवेला फट राहत नाही आणि तेल कणांवर बसून उरलीसुरली वाटही बुजवते. हवा नसली की खत करणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे वाढतात. ते आम्ल आणि दुर्गंधीचे वायू तयार करतात. खड्ड्यात कोणतीही पावडर शिंपडून किंवा द्रावण ओतून हवेची ही उणीव भरून निघत नाही. त्यासाठी सुका, फुगीर पाला लागतो आणि तो उष्ट्याच्या आधी हजर असावा लागतो.

पाचव्या दिवशी मी आणि माझा भाऊ दोन मजूर घेऊन गेलो आणि हौदाचा वरचा थर पाट्यांनी उपसून आमच्या मळ्यात आणला. नेमके आमचेच उष्टे ओळखणे अर्थातच शक्य नव्हते, परंतु तेवढ्या वजनाचा माल तरी आम्ही उचलला. आधी तो चाळणीवर निथळवला. निघालेले दोन बादल्या पाणी शेजाऱ्याने गोबरगॅसच्या टाकीत शेणकाल्याबरोबर थोडे थोडे करून घातले. जमिनीवर तुरीच्या तुराट्यांचा वीतभर थर दिला, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर पाला, लगदा आणि जुने शेणखत असे पातळ थर आलटून पालटून रचले. लगद्याबरोबर स्वयंपाकातले तीसेक किलो भाजीचे देठ आणि साली होत्या, आणि या सगळ्याला सहा पोती, म्हणजे सुमारे तीस किलो, वाळका पाला लागला. घमेल्याने मापायचे तर एका घमेल्याला पाल्याची किमान तीन घमेली. ढीग चार फूट लांब-रुंद आणि कमरेइतका उंच झाला. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. वरून अर्धा फूट पाला आणि जुने खत घातले, त्यामुळे माश्या बसल्या नाहीत. कुत्र्यांसाठी भोवती जाळी लावली.

ओल योग्य आहे की नाही हे मुठीत दाबून कळते: बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली की ती हाताला चटका देणारी असावी. तशी नसेल तर ढीग एक तर कोरडा आहे किंवा त्यात हवा नाही. आमची सळई पहिले तीन दिवस गारच होती, कारण लगदा आधीच आंबून आम्लधर्मी झाला होता. जुने शेणखत वाढवून ढीग परत वरखाली केल्यावर पाचव्या दिवशी ती तापली. त्यानंतर दर आठवड्याला ढीग उलटला. दोन महिन्यांनी वास मातीसारखा झाला, आणखी महिनाभर तो तसाच मुरू दिला, आणि मग चाळून जे हाती आले ते जेमतेम चार-पाच घमेली होते. चाळणीवर राहिलेले चमचे आणि कपांचे पापुद्रे मी एका पिशवीत जपून ठेवले आहेत.

बातमीत ‘काही अन्न गाईंना घालण्यात आले’ असेही कौतुकाने छापले आहे. त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. भाजीची पाने आणि देठ घालणे ठीक आहे. पण भात, पुऱ्या आणि जिलेबी पाटीभर एकदम घातल्या तर गाईच्या पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद होतो आणि जनावर दगावूही शकते. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची दुभती गाय लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अशीच गेली. छापण्यापूर्वी एखाद्या पशुवैद्याला विचारले असते, तर हे वाक्य आपल्या पानावर आले नसते.

माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की आपल्या बातमीदाराला आणखी दोन महिन्यांनी त्याच ठिकाणी पाठवावे. तिथे किती किलो उष्टे निघाले होते, त्याला पाला कुठून आणला, ढीग कोण उलटतो आणि आज मुठीत घेतल्यावर त्याला कसला वास येतो, एवढे विचारून यावे. तिथे खरोखरच खत झालेले असेल तर ते पहिल्या पानावर छापावे. मी स्वतः त्या कुटुंबाला भेटून त्यांनी हे कसे जमवले ते शिकून घेईन, कारण पुढच्या वर्षी आमच्याकडे आणखी एक कार्य आहे.

आपला,
एक नियमित वाचक, तासगाव