विषय: ट्रॅकिंगचा जुना एंडपॉइंट न सांगता काढून टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, एपीआय विभाग

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसलो. `/v1/track` बंद केलंत याबद्दल तक्रार नाही. ते गुपचूप काढलंत, याबद्दल आहे.

आम्ही कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो आणि तुमच्या कुरियरने पाठवतो. लेबल छापल्यापासून तुमचा माणूस पार्सल स्कॅन करेपर्यंत त्या नंबरला तुमचा सर्व्हर ४०४ देतो, हे तुमच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये होतं. म्हणून ४०४ आला की आमचा प्रोग्रॅम 'पिकअप बाकी' दाखवतो आणि तासाभराने पुन्हा विचारतो. तुम्ही अख्खा एंडपॉइंट काढलात आणि त्याच्या जागीही तोच ४०४! आमच्याकडे एकही अलर्ट वाजला नाही. पोचलेली पार्सलंसुद्धा 'पिकअप बाकी'च दिसत राहिली. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने सोलापूरला बहिणीकडे जोड पाठवला होता. स्क्रीन बघून ते भडकले, आम्ही घाईने दुसरा जोड रवाना केला. पहिला केव्हाच पोचला होता.

आता फोनबद्दल. मी पावतीवरचा नंबर वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "४०४ म्हणजे नंबर चुकीचा आहे, सर." मी म्हटलं, हाच नंबर तुमच्या वेबसाइटवर 'डिलिव्हर्ड' दाखवतोय. त्यांनी नंबर परत वाचायला लावला. मी आकडा-आकडा सुटा करून वाचला. मग उत्तर आलं, "वेबसाइटवर दिसतंय ना, मग तिथेच बघत जा." रोजची सगळी पार्सलं हाताने एकेक करून बघायची? एपीआयचे पैसे मग कशाचे घेता?

मेल पाठवला होता म्हणे. आम्हाला आलेला नाही. आणि मेल माणसाला जातो, प्रोग्रॅमला नाही. प्रोग्रॅमला सांगायची सोय आरएफसी ८५९४ मध्ये २०१९ पासून आहे. बंद करायच्या काही महिने आधीपासून, चालू उत्तरासोबतच एवढं पाठवायचं होतं:

```
HTTP/1.1 200 OK
Sunset: Tue, 30 Jun 2026 23:59:59 GMT
Link: <https://api.example.com/v2-info>; rel="sunset"
```

आमचा प्रोग्रॅम हा हेडर दिसताच आम्हाला मेसेज करतो. जे हेडर बघत नाहीत, त्यांच्यासाठी त्या तारखेनंतर `410 Gone` द्यायचं आणि उत्तरात नवा पत्ता. ४०४ मधून 'अजून आलं नाही' आणि 'कायमचं गेलं' यातला फरक कळत नाही. ४१० चा अर्थ एकच: इथलं होतं ते काढलंय, परत विचारू नका. तो आला असता तर आमचा प्रोग्रॅम पहिल्याच तासाला थांबला असता आणि दुसरा जोड गेलाच नसता.

`/v1/track` वर आजच ४१० लावा. ते काही महिने तरी काढू नका. `/v1/rates` आणि `/v1/pickup` अजून चालू आहेत, त्यांची बंद व्हायची तारीख हेडरमध्ये टाका. तेही न सांगता काढणार असाल तर आत्ताच लेखी कळवा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर आमची पार्सलं दुसऱ्या कुरियरने जातील, आणि दुसऱ्या जोडाचं बिल तुमच्याकडे येईल.

एक ग्राहक, कोल्हापूर