तुमच्या नावाआडून मागितलेलं गाणं

तीर्थस्वरूप माई,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चाळीस वर्षं उशिरा लिहितोय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तेव्हा सगळं लपवलं, आता काय लपवायचं!

1984 साल. चेंदणीतली आपली चाळ, मागे रेल्वेचे रूळ. मी आकाशवाणी मुंबईच्या ‘आपली आवड’ या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाला दोन महिने कार्डं टाकत होतो आणि एकही लागत नव्हतं. एकदा तुम्ही माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलंत आणि शाळेतली वही तपासावी तसं तपासलंत. मी खाली मान घालून उभा.

आधी ‘प्रिय व्यक्तीस सप्रेम’ या शब्दांवर काट मारलीत. “उघडं कार्ड आहे रे, पोस्टमनसुद्धा वाचतो.” मग माझं गाणं. लोकांपेक्षा वेगळं हवं म्हणून मी कुणालाच ठाऊक नसलेलं गाणं मागत होतो. तुम्ही म्हणालात, आधी त्यांच्याकडे तबकडी तर असायला हवी, आणि असली तरी एकट्याच्या कार्डासाठी ती कोण काढेल? एकाच गाण्याची पाचदहा कार्डं जमली की ती एकत्र वाचली जातात, म्हणून चारचौघं मागतात तेच माग. सगळ्यात मोठी चूक नावांची होती. संशय नको म्हणून मी नऊ नावं लिहायचो, बेबीचं पहिलं आणि माझं शेवटचं. तुम्ही हसलात. “निवेदिका चार नावं वाचेल आणि ‘मित्रमंडळी’ म्हणून मोकळी होईल. तू त्या मंडळीत जाशील.”

मग तुम्ही पंधरा पैशांची सात कार्डं आणलीत आणि तुमच्या टपोऱ्या अक्षरात स्वतः लिहिलीत. सगळ्यांवर गाणं एकच: आधी पहिली ओळ, मग चित्रपट, मग गायिका. खालची शेपटीतली नावं प्रत्येक कार्डावर वेगळी, कुठे तुमचे भाचे, कुठे जिन्याखालचा किराणावाला. पण सुरुवात सातही कार्डांवर तीच: बेबी, माई, बाळू. दोघांच्या मध्ये तुम्ही. आमची दोन नावं शेजारीशेजारी आली असती तर चाळीनं त्याच रात्री पंचायत भरवली असती. आपला लाल डबा टाळून तुम्ही ती दोन दिवसांत, दोन वेगळ्या डब्यांत टाकलीत. हे मात्र जरा अतीच होतं, माई.

पाच आठवडे काही नाही. मग एका रात्री, मी तुमच्या खोलीत बसलेलो असताना, तेच गाणं जाहीर झालं आणि नेमकी त्याच वेळी मागून लोकल आली. पेंटोग्राफ तारेला घासून ठिणग्या उडाल्या की मिडियम वेव्हवर कसं भाजल्यासारखं चरचरायचं, आठवतं ना? तुम्ही ट्रान्झिस्टर उचललात आणि हळूहळू फिरवलात. तो आडवा झाला तशी चरचर बसली आणि आवाज वर आला. आत फेराइटची कांडी असते, ती एका दिशेला कमी ऐकते, म्हणून रेडिओ वळवून नको तो आवाज मारता येतो, हे मी पुढे रेडिओ दुरुस्ती शिकताना वाचलं. तुम्हाला ते नुसत्या कानानं कळलेलं.

“ठाण्याहून बेबी, माई, बाळू, सुमनताई आणि मित्रमंडळी.”

बरोब्बर चार!

पण माझा जीव वर गेलेला होता. बेबीच्या घरचा रेडिओ जुना व्हॉल्व्हचा, फळीवर बसवलेला, बाहेर गॅलरीत एरियलची तार. तो वळवणार कसा? त्यांना चरचरीत ऐकू तरी आलं असेल का?

उत्तर गाणं संपायच्या आत दारात आलं. बेबीचे अण्णा. “माई, तुमचं नाव लागलं रेडिओवर! पण गाणं असलं? आणि आमच्या बेबीचं नाव कसं त्यात?”

तुम्ही पदर सावरलात. “मीच मागवलं. पोरांची नावं घातली, एकटीचं बरं दिसत नाही म्हणून. का, विधवेनं प्रेमाचं गाणं ऐकू नये?”

अण्णा चपला सरकवत गेले. त्यानंतर महिनाभर चाळीनं तुमची थट्टा केली. नळावर बायका ते गाणं गुणगुणायच्या आणि तुमच्याकडे बघायच्या. तुम्ही एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. आभार त्या महिन्याचे आहेत, माई, कार्डांचे नंतर.

तिसऱ्या दिवशी बेबी ताकाचं भांडं परत करायला आली. मी तिथेच होतो. माझ्याकडे न बघता तुम्हाला म्हणाली, “माई, तुमची आवड छान आहे हो.”

आता मोबाइलवर गाणं पाठवलं की दोन निळ्या खुणा लगेच येतात. मला ती खूण यायला तीन दिवस लागले होते, आणि ती ताकाच्या भांड्यातून आली.

हे पत्र बेबीनं आत्ताच वाचलं. ती म्हणते, सात कार्डांचे एक रुपया पाच पैसे आपण माईंना अजून दिलेले नाहीत. रविवारी दोघं येतोय.

तुमचा,
बाळू