शून्यानंतर काय लिहायचे, ते आधी ठरवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणाच्या विक्रीत संकेतस्थळांवर उलटे धावणारे घड्याळ आणि ‘फक्त ३ शिल्लक’ अशा पाट्या यांच्याविषयी आपल्या सदरात आलेली पत्रे वाचली. हा सगळा प्रकार बंदच व्हावा, असा त्यांचा एकूण सूर होता. अशाच विक्रीपानांचा मजकूर आणि त्यामागची घड्याळाची स्क्रिप्ट लिहिणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे वाचकांची चीड मला समजते, पण उपाय पटत नाही. सवलत खरोखरच रविवारी रात्री संपणार असेल, तर ते ग्राहकाला आधी कळायला हवे. खोटी मुदत सांगून घाईने निर्णय घ्यायला लावणे हे युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आहे आणि भारतातील २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘खोटी निकड’ स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. तेव्हा प्रश्न घड्याळ असावे की नसावे हा नसून ते कशाला बांधलेले आहे, हा आहे.

फसवे घड्याळ ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जन्माला येते. तुम्ही पान उघडता त्या क्षणी ते १५ मिनिटांपासून सुरू होते, शेजारच्याने तासाभराने उघडले तर त्याच्यासाठी पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू होते, आणि तुम्ही खासगी खिडकीत तेच पान उघडले की तुम्हालाही नव्याने १५ मिनिटे मिळतात. ही चाचणी कोणालाही अर्ध्या मिनिटात करता येते. खऱ्या घड्याळाचा शेवटचा क्षण एकच असतो आणि तो विक्रेत्याच्या सर्व्हरवर तारीख, वेळ व प्रमाणवेळेसह नोंदलेला असतो. पान सर्व्हरची चालू वेळ विचारून घेते आणि उरलेला अवधी मोजते. ग्राहकाच्या फोनवरील वेळेवर विसंबून चालत नाही, कारण ती चुकलेली असू शकते. मजकुरातही एक बारकावा आहे. ‘रविवारी रात्री १२ पर्यंत’ असे लिहिले की काही जण शनिवारची रात्र धरतात आणि काही रविवारची, म्हणून मी नेहमी ‘रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत’ असेच लिहितो.

साठ्याचा आकडा याहून अवघड आहे, आणि त्यात लबाडीइतकाच निष्काळजीपणाही दिसतो. एक उदाहरण घेऊ. गोदामात २४० सॅक आहेत. त्यांतील १२ खराब निघालेल्या मालाच्या बदलीसाठी बाजूला ठेवल्या आणि २८ दुकानातील थेट विक्रीसाठी दिल्या, तर संकेतस्थळाच्या वाट्याला २०० येतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १३१ जणांचे पैसे जमा झाले आहेत आणि १४ जण त्या क्षणी पैसे भरण्याच्या पानावर आहेत, म्हणजे नव्या ग्राहकासाठी ५५ मोकळ्या आहेत. या १४ सॅक १० मिनिटांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यांतील कोणी पैसे न भरता निघून गेले, तर त्याची सॅक पुन्हा मोकळी होते आणि आकडा ५५ वरून ५६ होतो. तो तसा वाढू द्यावा. जो आकडा तासन्‌तास फक्त उतरतच जातो आणि २ वर येऊन रात्रभर थांबतो, त्याच्यामागे गोदाम नसून कोणाची तरी कल्पनाशक्ती असते, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

आता हे ५५ पानावर दाखवायचे का? माझा नियम असा की, चालू वेगाने साठा मुदतीआधीच संपणार असेल तरच आकडा दाखवावा. पाच तास उरले आहेत आणि तासाला ८ सॅक जात आहेत, म्हणजे साधारण ४० जातील. तेव्हा आकड्याची गरज नाही, मुदत पुरेशी आहे. दोन तास उरलेले असताना १६ सॅक शिल्लक आणि तासाला १२ खपत असतील, तर मात्र तो सांगणे ग्राहकाच्या हिताचे. तेव्हाही या १६ मध्ये काळ्या रंगाच्या तीनच असतील, तर ‘काळ्या रंगात ३ शिल्लक, इतर रंगांत १३’ असे पूर्ण लिहावे. आणि नवा माल ८ दिवसांनी येणार असेल, तर मी त्याच ओळीखाली लिहितो: ‘पुढील माल ८ दिवसांनी उपलब्ध होईल, मात्र तो मूळ किमतीत असेल.’ हे वाक्य काढून टाका, असा आग्रह मला जवळजवळ प्रत्येक विक्रीच्या वेळी होतो. पण ज्याला घाई नाही, त्याला थांबण्याचा हिशेब करता यावा, एवढेच ते सांगते.

इथे माझीही एक चूक नोंदवतो. एका दुकानाच्या विक्रीत पान लवकर उघडावे म्हणून आम्ही त्याची साठवलेली प्रत दाखवत होतो आणि शिल्लक आकडाही त्या प्रतीतच राहून गेला. माल संपून गेल्यावरही पाऊण तास ‘२ शिल्लक’ झळकत राहिले, काहींचे पैसे घेतले गेले आणि नंतर परत करावे लागले. हेतू खोटा नव्हता, पण पाटी खोटीच होती. तेव्हापासून आकडा पानापासून वेगळा, थेट साठ्याच्या नोंदीतून आणतो. तो वेळेवर आला नाही, तर ती जागा रिकामी ठेवतो.

पैसे भरण्याच्या पानावरील छोटे घड्याळ माणसाला सर्वांत जास्त घाबरवते, म्हणून तिथे शब्द जपून वापरावे लागतात. ‘लवकर करा, संधी निसटत आहे!’ याऐवजी ‘ही वस्तू १० मिनिटे आपल्यासाठी राखून ठेवली आहे. त्यानंतर ती इतरांसाठी खुली होईल. विक्री चालू असेपर्यंत किंमत तीच राहील’ असे लिहिले की, काय जाणार आहे आणि काय जाणार नाही हे दोन्ही कळते. मुदत संपण्यापूर्वी जो या पानावर पोहोचला, त्याला ही १० मिनिटे विक्रीच्या किमतीतच पूर्ण मिळतात, हेही तिथेच सांगावे. आठवणीचे संदेश मी दोनच ठेवतो, शेवटच्या दिवशी सकाळी आणि संपण्यापूर्वी तीन तास. ज्याने खरेदी केली आहे, त्याचे नाव त्या यादीतून आधी काढले जाते.

या सगळ्या मजकुरातील जी ओळ मी सर्वांत आधी लिहून घेतो आणि दुकानदाराकडून मंजूर करून घेतो, ती घड्याळ शून्यावर आल्यानंतरची असते: ‘विक्री संपली. आता मूळ किंमत लागू आहे.’ ही ओळ मंजूर होत नसेल, तर मुदत खरी नाही हे मला विक्रीच्या आधीच कळते आणि मग मी पानावर घड्याळ लावत नाही. सवलतीची किंमत लिहितो आणि ती किती दिवस राहील, याविषयी काहीच लिहीत नाही. संकेतस्थळच बंद पडल्यामुळे मुदत वाढवावी लागली, तर ‘दुपारी दोन तास संकेतस्थळ बंद होते, म्हणून विक्री दोन तास वाढवली आहे’ असे कारणासह लिहावे लागते. ‘ग्राहकांच्या आग्रहास्तव एक दिवस वाढ’ ही ओळ मी आजवर लिहिलेली नाही, कारण तसा आग्रह करणारा ग्राहक मला कधी भेटलेला नाही.

आपला,
एक वाचक