बोर्डावर नुसतं 'झोप' लिहिलं

रत्नागिरी

प्रिय मंग्या,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही रे, मागे कॉम्प्रेसर सुरू होता. तुला पण ऑफिसात मनाच्या त्रासावर लोकांशी बोलायचंय म्हणालास, म्हणून मी फॅक्टरीत कसं बोललो ते लिहूनच काढतो.

मे अखेरीला आमच्या फॅक्टरीत सगळ्यांची मीटिंग असते, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे माल नाही, ओव्हरटाइम नाही आणि घरोघरी पैशाची ओढाताण. तेव्हाच पंधरा मिनिटं मागून घेतली. बोर्डावर 'मानसिक आरोग्य' असलं काही लिहिलं नाही. इथे ब्रिटिशांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'ह्याला मेंटलला टाका' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतोय, तो शब्द दिसला की माणसं कान बंदच करतात. म्हणून फक्त 'झोप' लिहिलं.

आणि माझंच सांगितलं. बाबा गेल्यानंतर रोज पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड, मग बांग होईपर्यंत पत्रे बघत पडायचं. काट्यावर ३४२ किलो दिसायचं आणि रजिस्टरला ३२४ लिहायचो, एका आठवड्यात दोनदा. ताटात बांगडा असला तरी घास उतरायचा नाही. झोपेसाठी क्वार्टर घ्यायला लागलो, डोळा लगेच लागायचा पण तीनला परत टक्क जागा, दारूने झोप मधेच तुटते हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, त्याने मनाला आधार वाटला हे खरंच, पण झोप आली नाही. चार महिने असेच काढले मी. त्या चार महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण पोरीवर उगाच ओरडायचो.

मग त्यांना एकच मोजमाप दिलं. एखादा दिवस वाईट गेला, भांडण झालं, कोणी वारलं, तर मन जड होणारच. पण झोप, भूक आणि कामातलं लक्ष बिघडून दोन आठवडे झाले आणि बहुतेक रोज तसंच चाललंय, तर थांबायचं नाही, दाखवायचं. ताप आठ दिवस हटला नाही तर दाखवतो ना, तसंच.

लोकांना खरी भीती असते आत गेल्यावर काय होईल त्याची, म्हणून ते बारीक सांग. सिव्हिलला केसपेपर काढला, डॉक्टरांनी झोप, जेवण, दारू, घरात कोण कोण, सगळं विचारलं आणि थायरॉइड, शुगर तपासायला लावली कारण त्यानेही असं होऊ शकतं. ॲडमिट वगैरे काही नाही, दुपारी परत कामावर. काहींचं नुसत्या बोलण्यानेच भागतं, मला गोळी लागली. गोळीचा गुण यायला दोनतीन आठवडे जातात, आधी मळमळ होते आणि तिथेच माणसं सोडून देतात, हे मुद्दाम सांग. बरं वाटल्यावरही आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

ज्याला जायचीच लाज वाटते त्याच्यासाठी १४४१६, सरकारचा टेलीमानस नंबर, फुकट, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो मी पंचिंग मशीनशेजारी लावलाय. रजेच्या अर्जावर फक्त 'दवाखाना' लिहायचं, कसला ते कोणी विचारणार नाही, हे मॅनेजरसाहेबांच्या तोंडूनच वदवून घेतलं. मी बोललो असतो तर कोणी विश्वास ठेवला नसता.

एक कर, 'कोणाला त्रास आहे का' असं सगळ्यांसमोर विचारू नको. इथे एकानेही प्रश्न विचारला नाही, चहा पिऊन सगळे निघून गेले, मला वाटलं फुकट गेलं. तिसऱ्या दिवशी बर्फाच्या गाडीमागे आमचा एक लोडर आला, 'दादा, तो नंबर जरा परत सांग'. मी लगेच सल्ले दिले नाहीत, त्याला धक्क्यावर नेलं आणि बसून राहिलो. कर्ज, बायको माहेरी, झोप नाही. मग सरळ विचारलं, 'जीव द्यावासा वाटतो का रे?' मलाही आधी वाटायचं की विचारलं तर डोक्यात भरेल, पण तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'दोनदा वाटलं'. त्यानंतर त्याला एकटं सोडलं नाही, त्याच्या भावाला बोलावलं, तिथूनच तिघे रिक्षाने सिव्हिलला. इथे उद्यावर ढकलायचं नसतं मंग्या, आणि आपण डॉक्टर नाही, सोबत करणं एवढंच आपलं काम.

आता तो भावाकडे राहतो, रात्री पाचेक तास झोपतो म्हणतो. मंगळवारी परत तारीख आहे, पाऊस असला तरी मी जाणार त्याच्याबरोबर. तुझं बोलणं झालं की रात्री फोन कर, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या