पेपरात सगळे पास, मॅनहोलपाशी काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोटे एमआयडीसीतल्या सेफ्टी ट्रेनिंगची बातमी तुमच्या पेपरात वाचली, फोटो छान आलेत, पण 'सर्व कामगार शंभर टक्के उत्तीर्ण' या वाक्यावर थोडं लिहावंसं वाटलं. मी इथल्याच एका केमिकल कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, कारखान्याचं नाव राहू दे.

ट्रेनिंग होतं बंद टाकीत किंवा सांडपाणी शुद्ध करायच्या, म्हणजे ईटीपीच्या, खड्ड्यात उतरण्याचं. आता परीक्षेच्या पेपरात प्रश्न काय, तर 'टाकीत उतरण्यापूर्वी गॅस तपासावा का?' यावर 'नाही' कोण लिहिणार हो? ट्रेनिंगला न बसलेला माणूसही पास होईल. म्हणून तोच पेपर आधीही घ्यायचा आणि नंतरही, म्हणजे फरक कळतो, आणि दोन-तीन महिन्यांनी परत घ्यायचा, कारण त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्यांना सगळं आठवतंच. प्रश्नही जरा अडवणारा पाहिजे. उदाहरणार्थ, 'सडक्या अंड्याचा वास येत होता, आता येत नाही, उतरायचं का?' हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. इथे निम्मे तरी चुकतात आणि नेमकं काय शिकवायचं राहिलं ते तिथे दिसतं. आमच्याकडची बरीचशी कंत्राटी पोरं बिहार-झारखंडची, त्यांना मराठी पेपर देऊन काय मोजणार, त्यांना तोंडी विचारा नाहीतर गॅस मोजायचं मीटर हातात देऊन करून दाखवायला सांगा.

पण माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. ते बघायला मॅनहोलपाशीच जावं लागतं, तेही न सांगता, रात्रपाळीला, आणि ट्रेनिंगनंतर महिना-दोन महिने गेल्यावर, कारण पांढरं हेल्मेट लांबून दिसलं तरी सगळे सरळ होतात. मी एकच गोष्ट मुख्य धरतो, मीटरची नळी कुठवर सोडली. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, म्हणून वर, मध्ये आणि तळाला अशी तीन ठिकाणी तपासणी लागते, आणि नळी लांब असेल तर हवा मीटरपर्यंत यायला वेळ द्यावा लागतो. होतं काय, तोंडाशीच मीटर धरतात, ऑक्सिजन 20.9 टक्के, म्हणजे नेहमीच्या हवेइतका, दिसला की झालं, उतर रे! आत उतरण्याच्या परवानगीचा, म्हणजे परमिटचा, कागदही बघण्यासारखा असतो. दर तासाचं रीडिंग एकाच पेनाने, एकाच अक्षरात, ऑक्सिजन 20.9, बाकीचे गॅस 0, 0 असं खालपर्यंत ओळीने भरलेलं दिसलं की समजायचं, हे चहाच्या टपरीवर बसून भरलंय.

आणि बाहेर जो माणूस उभा करतात त्याला मी अचानक विचारतो, 'आतला पडला, आता काय करशील?' पेपरात त्यानेच 'आत जाणार नाही, अलार्म देईन' लिहिलेलं असतं आणि तिथे म्हणतो, 'साहेब, ओढून काढीन ना.' वाचवायला उतरलेला दुसराही जातो तो असाच. अशा दहा-वीस कामांत किती जणांनी तीन ठिकाणी तपासलं, बाहेरचा माणूस जागेवर होता का, एवढं लिहून ठेवलं आणि ट्रेनिंगच्या आधीच्या आकड्याशी लावून बघितलं तर काहीतरी हाती लागतं.

राहिले अपघाताचे आकडे. बातमीत 'अपघात निम्म्यावर' असंही होतं. समजा शंभर माणसं, रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 2 लाख 40 हजार तास. गेल्या वर्षी दोन अपघात, यंदा एक. दर 10 लाख तासांमागे काढलं तर 8.3 वरून 4.2, कागदावर मस्त दिसतं, पण एक माणूस जिन्यावरून घसरला असता तर गणित परत होतं तिथेच. एवढ्या छोट्या कारखान्यात एका वर्षाच्या आकड्यावरून ट्रेनिंग चाललं की नाही काही सांगता येत नाही, चार-पाच वर्षं तरी बघावी लागतात. त्यातून आपल्याकडे गणपतीत अर्धा कारखाना गावाला, कामाचे तासच कमी, अपघात कुठून होणार? आणि शटडाऊनला बाहेरची माणसं भरतात तेव्हा तास वाढतात. म्हणून नुसते अपघात मोजू नका, तासांनी भागा.

उलट 'थोडक्यात वाचलो' अशा नोंदी ट्रेनिंगनंतर वाढल्या तर मला बरं वाटतं, कारण लोकांना धोका दिसायला लागला आणि ते सांगायलाही लागले. बऱ्याच मॅनेजरना हे पटत नाही, त्यांना बोर्डावर 'शून्य अपघात' हवं असतं, वर बक्षीसही ठेवतात, मग बोट चेपलेला माणूस गुपचूप बाहेरच्या डॉक्टरकडे जातो आणि आकडा सुंदर राहतो.

तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा, पुढच्या वेळी सर्टिफिकेट वाटपाचा फोटो काढून झाला की दोन महिन्यांनी परत फोन करा आणि मागच्या आठवड्यातली चार-पाच परमिटं दाखवा म्हणा.

आपला,
एक वाचक, खेड